मांडवातली वीज: तात्पुरती जोडणी घेताना आणि भार वाटताना

गणेशोत्सव दोन-तीन आठवड्यांवर आला की मंडळांचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मीटर किती किलोवॅटचं घेऊ?" मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे आणि मांडवांची कामं बरीच वर्षं करतो आहे. या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर देत नाही, कारण ते मांडवाच्या आकारावरून कळत नाही. वीस बाय तीसच्या साध्या मांडवाला तीन किलोवॅट पुरतात, आणि तेवढ्याच मांडवात हलता देखावा नि साउंड आला तर तेरा लागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेरा किलोवॅट मंजूर करून घेतले तरी ते तीन फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन वेगळ्या तारांवर, कसे वाटले यावर मांडव नीट चालणार की रोज रात्री नऊ वाजता अंधारात जाणार, हे ठरतं. अर्जापेक्षा हा वाटणीचा भाग लोकांना कमी माहीत असतो, म्हणून त्यावर मी जास्त लिहिणार आहे. पण आधी अर्ज.

अर्ज

मुंबईत बहुतेक ठिकाणी भागानुसार बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरकडे जावं लागतं. राज्यात इतरत्र बहुतेक ठिकाणी महावितरण. मी महावितरणचंच सांगतो, बाकीकडेही क्रम साधारण हाच असतो.

अर्जाच्याही आधीचं एक काम जागेवर जाऊन करायचं असतं. मांडव जिथे घालायचा तिथे उभं राहून वर बघा. डोक्यावरून वीजवाहिनी जात असेल, शेजारी रोहित्र असेल, तर जागा सरकवा. कमान, पताका, स्वागताचा फलक हे सगळं मांडवानंतर चढतं आणि तेव्हा तारांपर्यंतचं अंतर कोणी मोजत नाही. बांबू किंवा पाइप उभा करताना तो तारेला टेकणं हा मांडवाच्या कामातला सगळ्यात वाईट अपघात आहे. शंका असेल तर शाखा कार्यालयातल्या लाइनमनला बोलवून जागा दाखवा.

जागा पक्की झाली की भाराची यादी करायची. ती कशी करायची ते पुढे येतंच आहे. त्या यादीवर मांडवातलं वायरिंग होतं आणि परवानाधारक ठेकेदार चाचणी अहवाल देतो. त्यालाच आपण टेस्ट रिपोर्ट म्हणतो. पुष्कळ मंडळं हा कागद नुसत्या सहीपुरता मागतात. असं करू नका. त्या सहीचा अर्थ असा की मी मेगर लावून वायरिंगचं इन्सुलेशन तपासलं, ते किमान १ मेगओहम आलं, अर्थिंग आहे आणि जोडलेला भार लिहिल्याप्रमाणे आहे. मेगर न लावता सही देणारा माणूस मंडळाला मदत करत नसतो.

मग ए-वन, म्हणजे नव्या जोडणीचा अर्ज. तो महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून भरता येतो, उपविभागीय कार्यालयातही देता येतो. अर्जात जोडणीचा प्रकार 'तात्पुरती' निवडायचा आणि कारण स्पष्ट लिहायचं. हे कारण महत्त्वाचं आहे, कारण त्यावर दर ठरतो. सार्वजनिक गणेशोत्सव, नवरात्र, जयंती अशा उत्सवांना घरगुतीच्या जवळपासचा सवलतीचा दर मिळतो. लग्नाला तो मिळत नाही, तिथे व्यावसायिक दर लागतो. सोबत मंडळाच्या पदाधिकाऱ्याचं ओळखपत्र, जागेच्या मालकाची संमती किंवा नगरपालिका-ग्रामपंचायतीची मांडव परवानगी, पोलिसांची परवानगी आणि टेस्ट रिपोर्ट जोडायचा. मंडळाच्या बँक खात्याचा तपशील अर्जासोबतच द्या, कारण उत्सव संपल्यावर अनामत रक्कम तिथेच परत यायची असते. अध्यक्षांच्या किंवा खजिनदारांच्या वैयक्तिक खात्याचा नंबर दिला, तर पुढच्या वर्षी त्यावरून वाद होतात.

अर्ज गेला की जागेची पाहणी होते आणि कोटेशन येतं. त्यात प्रक्रिया शुल्क, जोडणीचा खर्च आणि अंदाजे वापरावरून काढलेली अनामत असते. पैसे भरले की मीटर बसतो. उत्सवाच्या तोंडावर गावातली सगळी मंडळं एकदम येतात, त्यामुळे मी मंडळांना तीन आठवडे आधी अर्ज करायला सांगतो. कार्यालयातून लवकर काम झालं तर चांगलंच, पण खांब लांब निघाला किंवा त्या रोहित्रावर आधीच भार जास्त निघाला, तर त्यावर उपाय करायला हातात दिवस हवेत.

शेजारच्या घरातून वायर ओढून मांडव उजळणं हा अजूनही सर्रास चालणारा प्रकार आहे. घरच्या मीटरवरून असा वापर म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर, आणि तारेवर आकडा टाकणं म्हणजे कलम १३५ खाली चोरी. कायदा बाजूला ठेवला तरी त्या घरातली वायर मांडवाच्या भारासाठी घातलेली नसते. ती भिंतीच्या आत तापते आणि कोणाला दिसत नाही.

भाराची यादी

आता एक खरा वाटेल असा मांडव घेऊ. तालुक्याच्या गावातलं मंडळ, हलता देखावा, रस्त्यावर रोषणाई. यादी करताना मी प्रत्येक वस्तूच्या पाठीमागची पट्टी वाचतो, अंदाज करत नाही.

५० वॅटचे २० एलईडी फ्लड म्हणजे १००० वॅट. मूर्तीवरचे स्पॉट ६०० वॅट. चार शार्पी, म्हणजे फिरता झोत टाकणारे दिवे, एकेक ३५० धरून १४०० वॅट. रस्त्यावरच्या माळा आणि कमान मिळून १५०० वॅट. आठ मोठे स्टँड फॅन, १५० प्रमाणे १२०० वॅट. साउंड ३००० वॅट. देखाव्याच्या एक एचपीच्या दोन मोटारी. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट असं सगळ्यांना पाठ असतं, पण ते मोटारीतून बाहेर येणारं काम आहे. आत जाणारी वीज त्याहून जास्त, म्हणून मी एकेक हजार धरतो. झाले २००० वॅट. कार्यकर्त्यांच्या चहासाठी पाण्याचा बॉयलर २००० वॅट. कॅमेरे, माइक, मोबाइलचे चार्जर असं किरकोळ ३०० वॅट. बेरीज १३,००० वॅट, म्हणजे १३ किलोवॅट.

साउंडबद्दल एक सांगायला हवं. साउंडवाला 'दहा हजार वॅटचा सेट आहे' म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा स्पीकरची ताकद सांगत असतो, तारेतून ओढली जाणारी वीज नाही. त्याच्याकडे ॲम्प्लिफायर किती आहेत आणि प्रत्येकाच्या मागे इनपुट किती लिहिलं आहे, ते विचारा. शक्य असेल तर त्याचा आधीचा कार्यक्रम चालू असताना क्लॅम्प मीटर लावून बघा.

हे १३ किलोवॅट एकाच वेळी लागतात का? सगळ्यात जड वेळ रात्री नऊची असते, देखावा सुरू असताना. तेव्हा बॉयलर सोडून सगळं चालू असतं, म्हणजे ११ किलोवॅट. देखावा सुरू असताना बॉयलर लावायचा नाही एवढा एक नियम मंडळाने पाळला, तर खरी गरज ११ वरच राहते. अर्जात मात्र मी जोडलेला भार पूर्ण दाखवतो आणि शेवटच्या दिवसांत काहीतरी वाढतंच म्हणून थोडं वर धरून १५ किलोवॅट थ्री फेज मागतो. मंजूर भारापेक्षा जास्त वापरला की त्रास आपल्यालाच नाही, त्या रोहित्रावरच्या सगळ्या गल्लीला होतो.

सिंगल फेज की थ्री फेज हा प्रश्न इथेच सुटतो. सिंगल फेजची जोडणी साधारण ४० ॲम्पिअरपर्यंतच मिळते. डोक्यात ठेवायला सोपा हिशेब असा, की सिंगल फेजवर एक किलोवॅट म्हणजे जवळजवळ पाच ॲम्पिअर. १३ किलोवॅट सिंगल फेजवर घ्यायचे तर एका तारेतून साठच्या वर ॲम्पिअर जातील. तेच तीन फेजवर नीट वाटले तर प्रत्येकातून वीसेक जातात.

वाटणी: इथेच बहुतेक मांडव चुकतात

तीन फेज घेतले म्हणजे वाटणी आपोआप होत नाही. मांडवात जो आधी येतो तो जवळचा पॉइंट धरतो. साउंडवाला पहिला येतो आणि लाल फेज घेतो. त्याच्या शेजारी लायटिंगवाला शार्पी जोडतो. मागच्या बाजूला कार्यकर्ते बॉयलर लावतात, तोही योगायोगाने लालवरच. आता लालवर ३००० अधिक १४०० अधिक २००० असे ६४०० वॅट झाले, म्हणजे ३१ ॲम्पिअर. पिवळ्यावर फ्लड, फॅन, स्पॉट आणि किरकोळ मिळून ३१०० वॅट, १५ ॲम्पिअर. निळ्यावर मोटारी आणि माळा, ३५०० वॅट, १७ ॲम्पिअर. मुख्य एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, ३२ ॲम्पिअरचा असेल तर तो एरवी तग धरेल. ढोल वाजला, साउंडने क्षणभर जास्त ओढलं की मात्र लाल काठावरून पलीकडे जातो. असं वारंवार झालं की थ्री फेजचा मुख्य एमसीबी तिन्ही फेज घेऊन पडतो आणि भर गर्दीत सगळा मांडव काळोखात जातो. मग कोणीतरी म्हणतं, मीटर कमी पडला. मीटर कमी पडलेला नसतो. दोन फेज अर्धे रिकामे असतात.

तीच यादी मी अशी वाटतो. लालवर साउंड, फॅन आणि सात फ्लड: ४५५० वॅट, २२ ॲम्पिअर. पिवळ्यावर बॉयलर, शार्पी, किरकोळ आणि सहा फ्लड: ४००० वॅट, १९ ॲम्पिअर. निळ्यावर मोटारी, माळा, स्पॉट आणि उरलेले सात फ्लड: ४४५० वॅट, साडेएकवीस ॲम्पिअर. आता सगळं एकदम चालू झालं तरी प्रत्येक फेजला दम घ्यायला जागा आहे.

फ्लड मी मुद्दाम तिन्ही फेजवर तोडले आहेत. एखाद्या फेजचा एमसीबी पडला तरी दोन-तृतीयांश दिवे चालू राहतात. अंधारात गर्दी ढकलाढकली करते, लहान मुलं हरवतात. वाटणी करताना ही गोष्ट माझ्या डोक्यात सगळ्यात आधी असते.

मोटारींचं एक वेगळं आहे. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. सहा ॲम्पिअरची मोटर सुरुवातीला तीस ओढेल, आणि देखाव्याच्या एकाच बटणावर दोन्ही मोटारी असतील तर साठ. म्हणून दोन्हींना वेगळी बटणं द्यायची, पहिली फिरायला लागली की मग दुसरी. त्यांचा एमसीबी 'सी' प्रकारचा घ्यायचा. तो हा क्षणभराचा झटका सहन करतो. 'बी' प्रकारचा लगेच पडतो, आणि तो पडतो म्हणून लोक त्या जागी मोठ्या ॲम्पिअरचा टाकतात, ज्याने तार जळेपर्यंत काही कळत नाही.

न्यूट्रल

वाटणीचं दुसरं कारण न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजचा प्रवाह परत नेणारी तार आहे, आणि ते मला नेहमी नीट समजावून सांगावं लागतं. तिन्ही फेज सारखे भरलेले असतील तर न्यूट्रलमधून फार थोडा प्रवाह परत जातो. भार जितका वाकडा, तितकं न्यूट्रलवर ओझं जास्त. एलईडीच्या ड्रायव्हरमुळे तर फेज सारखे असूनही न्यूट्रलमध्ये प्रवाह राहतो. म्हणून न्यूट्रलची तार फेजइतकीच जाड हवी. 'न्यूट्रल आहे, बारीक चालेल' हे ऐकलं की तो वायरमन मी बदलायला सांगतो.

न्यूट्रल सुटला किंवा त्याचा जोड जळला तर काय होतं, ते एका उदाहरणाने बघू. समजा लालवर २००० वॅटचा बॉयलर चालू आहे आणि पिवळ्यावर ५०० वॅटचे दिवे. न्यूट्रल जागेवर असताना दोघांना आपापले २३० व्होल्ट मिळतात. न्यूट्रल तुटला की बॉयलर आणि दिवे एकामागे एक जोडल्यासारखे होतात, आणि दोन फेजमधले ४१५ व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी उलटी होते: जड वस्तूला कमी, हलकीला जास्त. बॉयलरला ८३ व्होल्ट येतात आणि दिव्यांना ३३२. दिवे एक-दोन मिनिटांत फुटतात, ॲम्प्लिफायर असेल तर तोही जातो, आणि एमसीबी काहीच करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रवाह वाढलेलाच नसतो.

ओळखायची खूण सोपी आहे. मांडवातले काही दिवे मंद झाले आणि त्याच क्षणी दुसरे काही झगझगले, फॅन काही जोरात नि काही हळू झाले, तर न्यूट्रल गेला समजा. कारण शोधत बसू नका, आधी मुख्य स्विच पाडा. सगळेच दिवे एकदम मंद झाले तर ते व्होल्टेज कमी आहे, ते वेगळं.

न्यूट्रलमध्ये कधीही वेगळा फ्यूज किंवा एकटा एमसीबी टाकायचा नाही. मुख्य स्विच चार पोलचा घ्यायचा, म्हणजे तीन फेज आणि न्यूट्रल एकत्र उघडतात नि एकत्र बंद होतात.

पाऊस, लोखंड आणि आरसीसीबी

भाद्रपदात पाऊस असतोच. मांडव लोखंडी पाइपांचा, वर पत्रे, खाली ओली जमीन, आणि देवापुढे अनवाणी माणसं. अशा जागी एमसीबीच्या भरवशावर राहता येत नाही. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. माणसाचा जीव घ्यायला ॲम्पिअरचा दहावा भागसुद्धा पुरतो, आणि सहा ॲम्पिअरच्या एमसीबीला तेवढं जाणवतही नाही.

अर्थिंग केलं की झालं, असंही नाही. समजा पाइपाच्या सांगाड्याला अर्थिंगचा रॉड जोडला आहे आणि त्या रॉडचा जमिनीशी रोध २० ओहम आहे. फेजची तार घासून सांगाड्याला लागली, तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा ॲम्पिअर जमिनीत जातील. सोळा ॲम्पिअरचा एमसीबी पडणार नाही. सांगाडा जिवंतच राहील आणि त्याला हात लावणाऱ्याला धक्का बसेल. म्हणून अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी लागतोच. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून बघतो. तीस मिलिॲम्पिअरचा फरक दिसला, म्हणजे तेवढा कुठेतरी जमिनीत किंवा माणसात गेला, की तो क्षणार्धात पडतो.

त्याचं हे पडणंच लोकांना नको असतं. एका मंडळात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस सुरू झाला आणि आरसीसीबी सारखा पडायला लागला. आरतीची वेळ जवळ आली, बाया पुढे येऊन बसल्या, आणि एक जुने कार्यकर्ते मला म्हणाले, "दादा, आज तेवढं डायरेक्ट करून द्या, उद्या बघू." मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. मग सगळे लहान एमसीबी पाडले, आरसीसीबी उचलला, तो टिकला. एकेक करून एमसीबी उचलत गेलो. कमानीचा उचलला आणि तो पडला. बॅटरी घेऊन कमानीशी गेलो तर माळेचा एक जोड लोखंडी पाइपाला घट्ट बांधलेला होता. साधी टेप गुंडाळलेली, ती पाण्याने फुगलेली. टेप सोडली तेव्हा आतून थेंब पडले. कमानीचा तो पाय रस्त्याच्या कडेला होता आणि येणारी-जाणारी मुलं त्याला धरून चपला काढत होती.

तेव्हापासून मी कमान, रस्त्यावरच्या माळा, मांडव आणि साउंड यांना वेगवेगळे आरसीसीबी लावतो. एक पडला तरी बाकी चालू राहतं, आणि 'डायरेक्ट करा' म्हणायची वेळ येत नाही. उघड्यावरचा जोड टेपवर सोडायचा नाही. शक्यतो अखंड तार घ्यायची, जोड लागलाच तर बंद डब्यात आणि जमिनीपासून उंच. तार पाइपाला टेकू द्यायची नाही, मध्ये रबर किंवा पीव्हीसीचा तुकडा घालायचा. आणि आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं बटण रोज संध्याकाळी एकदा दाबायचं. दाबल्यावर तो पडला पाहिजे. पडला नाही, तर बदलायचा.

एक अडचण नवख्या वायरमनला फार छळते. दोन आरसीसीबींच्या मागचे न्यूट्रल पुढे कुठेतरी एकत्र केले, किंवा न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लावले, तर सगळं कोरडं असूनही ते पडत राहतात. अशा वेळी गळती शोधू नका, न्यूट्रलच्या वाटा वेगळ्या करा.

तारेच्या जाडीबद्दल थोडक्यात. या मांडवाला खांबापासून चाळीस मीटरसाठी सहा एमएमची चार कोअर तांब्याची केबल पुरते, मी दहाची टाकतो. रस्त्याच्या माळांना मात्र लोक एक एमएमची तार शंभर मीटर ओढतात. सगळा १५०० वॅटचा भार टोकाला धरला तर त्यात २५ व्होल्ट वाटेतच संपतात. अडीच एमएमच्या तारेत दहाच. आणि रिळावर गुंडाळलेली एक्स्टेंशन वापरायची असेल तर ती पूर्ण उलगडा. गुंडाळलेली तार आतल्या आत तापते आणि वितळते.

जनरेटर

वर धरलेल्या मांडवाला वीज गेल्यावर सगळं चालवायचं तर २५ केव्हीएचा जनरेटर लागतो. तेरा किलोवॅटचे सोळा-सतरा केव्हीए होतात आणि मोटारी सुरू होतानाचा झटका त्याच्या वर. पण आकारापेक्षा जोडणी महत्त्वाची. जनरेटर आणि महावितरणची लाइन यांच्यामध्ये चार पोलचा चेंजओव्हर स्विच हवाच, म्हणजे दोन्ही एकाच वेळी जोडले जाऊ शकत नाहीत. जनरेटरचा न्यूट्रलही वेगळा हवा.

चेंजओव्हर नसताना कोणी जनरेटरची वायर सरळ बोर्डात घातली, तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. खांबावरून रोहित्रापर्यंत पोहोचते आणि तिथे उलट्या दिशेने चढून अकरा हजार व्होल्ट होते. त्याच वेळी लाइनमन वीज बंद आहे असं समजून तारेवर काम करत असतो. ती लाइन दुरुस्त करायला, म्हणजे आपलाच मांडव पुन्हा उजळायला, तो खांबावर चढलेला असतो.

लग्नाच्या कार्यालयात किंवा लॉनवर हाच हिशेब थोडा वेगळा पडतो. कार्यालयाला कायमची जोडणी असते, म्हणून आधी त्यांचं वीजबिल मागा. त्यावर मंजूर भार छापलेला असतो. तुमच्या कूलरांचा, एसीचा, एलईडी पडद्याचा आणि आचाऱ्यांच्या मिक्सर-ओव्हनचा भार त्यात बसत नसेल, तर वेगळी तात्पुरती जोडणी किंवा भाड्याचा जनरेटर ठरवा, आणि ते आठवडाभर आधी ठरवा. लग्नात जड वेळ रात्रीची नसते. उन्हाळ्यातल्या दुपारच्या मुहूर्तावर कूलर, स्वयंपाकघर आणि स्टेज एकदम चालतात, आणि आचाऱ्यांचा फ्रीझर त्यांनी जिथे सॉकेट दिसलं तिथे लावलेला असतो. मी स्वयंपाकघराला एक पूर्ण फेज वेगळा देतो आणि तिथून स्टेजकडे काहीही ओढू देत नाही.

शेवटचा दिवस

विसर्जनाच्या दिवशी मूर्ती मांडवाबाहेर पडते, कार्यकर्ते मिरवणुकीत जातात, आणि मागे मांडववाल्याची माणसं कापड उतरवायला शिडीवर चढतात. कापडाआडून तारा गेलेल्या असतात आणि त्यांना कोणती कुठे आहे हे माहीत नसतं. म्हणून मूर्ती हलली की मी मुख्य स्विच पाडतो, पेटीला कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. कमानीसाठी उजेड हवा असेल तर बॅटरीचे दिवे देतो.

मीटरचं शेवटचं रीडिंग तेव्हाच फोटो काढून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा, की जोडणी बंद करून मीटर न्यावा, आणि त्याची पोच घ्यायची. मीटर तसाच खांबाला लटकत राहिला तर बिल चालू राहतं आणि अनामत अडकते. अंतिम बिल वजा होऊन उरलेली रक्कम मंडळाच्या खात्यात येते. ती येईपर्यंत पोच आणि फोटो खजिनदारांच्या फाइलमध्ये ठेवा.